वरच्या घरातला आवाज आणि मालकाचा फोन

पुण्यात फ्लॅट भाड्यानं दिलेल्या माणसाला रविवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तर विषय बहुधा दोनांपैकी एक असतो. एक पार्किंग, दुसरा आवाज. पार्किंगचं भांडण तसं लवकर मिटतं, कारण जमिनीवर पट्टे मारलेले असतात आणि गाडी कोणाची हे नंबरावरून कळतं. आवाजाचं तसं नाही. ज्याला त्रास झाला तो रात्रभर तळमळलेला असतो. ज्याच्यामुळे झाला त्याला आपण काही केलं याची कल्पनाही नसते. या दोघांच्या मधे उभा असतो घरमालक, आणि तो बहुतेक वेळा त्या इमारतीत राहतही नसतो.

तक्रार मालकाकडेच येते, याला कारण आहे. गृहनिर्माण संस्थेचं नातं सभासदाशी असतं, भाडेकरूशी नसतं. मेंटेनन्सचं बिल मालकाच्या नावानं निघतं, सभेची नोटीस मालकाच्या नावानं निघते, तसं तक्रारीचं पत्रही मालकाच्याच नावानं निघतं. आपल्या फ्लॅटमधून शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देणं ही सभासदाची जबाबदारी आहे, असं संस्थेचे उपविधीही सांगतात. मात्र मालकाच्या कानावर येईपर्यंत ती तक्रार तीन-चार तोंडांतून गेलेली असते. खालच्या मजल्यावरच्यांनी वॉचमनला सांगितलेलं असतं, ‘दोन वाजता वर खुर्च्या ओढत होते.’ वॉचमन सेक्रेटरींना सांगतो, ‘वर पार्टी चालू होती.’ सेक्रेटरी मालकाला सांगतात, ‘रात्रभर धिंगाणा चालू होता तुमच्याकडे.’

मालकानं हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं भाडेकरूला पाठवलं, की गाडं तिथेच अडतं. तो म्हणतो, ‘रात्रभर कुठे? गाणी तर आम्ही बारालाच बंद केली.’ आणि ते खरंही असतं. मग त्रास कमी कसा करायचा हे बाजूला राहतं आणि खोटं कोण बोलतंय यावर बोलणं सुरू होतं. म्हणून भाडेकरूला फोन लावण्याआधी मालकानं एक काम करायला हवं. ज्याला त्रास झाला त्याच्याशी थेट बोलून नेमका कुठला आवाज, घरात कुठे आणि किती वाजता, एवढं विचारून घ्यायला हवं. सौम्यपणे सांगण्याची निम्मी तयारी इथेच होते, असं माझं मत आहे. माहिती नेमकी असली की आवाज चढवावा लागत नाही.

समजा, फ्लॅट कर्वेनगरमधल्या एका चारमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. मालकीणबाई नाशिकला राहतात, भाडेकरू त्यांना काकू म्हणतात. फ्लॅटमध्ये तिघं तरुण आहेत. करार ज्याच्या नावावर आहे तो अमरावतीचा, बाकीचे दोघे त्याचे ऑफिसातले मित्र. तिघंही हिंजवडीला दुसऱ्या शिफ्टमध्ये काम करतात, कारण त्यांचे ग्राहक अमेरिकेत आहेत. कंपनीची गाडी त्यांना रात्री साडेअकराच्या सुमारास घरी सोडते. खाली पहिल्या मजल्यावर चाळिशीतलं जोडपं, त्यांची दहावीतली मुलगी आणि ऐंशीच्या घरातले आजोबा. शनिवारी वर सात-आठ मित्र जमले होते. रविवारी सकाळी आठला काकूंना सेक्रेटरींचा फोन आला.

काकूंनी पहिला फोन लावला तो खालच्या घरी. तिथे जे कळलं ते ‘रात्रभर धिंगाणा’ या शब्दांत कुठेच नव्हतं. खालच्या गृहस्थांनी सांगितलं, ‘गाण्याचे शब्द काही ऐकू येत नाहीत हो. पण दण दण दण असं सारखं चालू असतं. बाबा हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, त्यांना ते छातीत वाजल्यासारखं होतं. ते बाराला थांबलं. मग त्यांचा डोळा लागला आणि पावणेदोनला वर खुर्च्या सरकल्या. पुढे जिन्यात गप्पा, खाली पार्किंगमध्ये गप्पा, मग दोन गाड्या सुरू झाल्या. त्यानंतर बाबा झोपलेच नाहीत.’

या बोलण्यात तीन वेगवेगळे आवाज आहेत. तिघांचा उगम वेगळा, वाट वेगळी आणि उपायही वेगळा.

पहिला तो दणदणाट. हल्लीच्या स्पीकरबरोबर जमिनीवर ठेवायचा एक वेगळा डबा येतो, सबवूफर. खालच्या पट्टीतला आवाज, ज्याला मुलं बेस म्हणतात, तो त्यातून निघतो. या आवाजाच्या लाटा लांबलचक असतात. पन्नास हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटरची, म्हणजे आपल्या हॉलपेक्षा लांब. दार लावून, पडदे ओढून गायकाचा आवाज बऱ्यापैकी अडतो, पण अशी लाट त्यानं अडत नाही. त्यातून डबा थेट फरशीवर असेल तर तो फरशीलाच हलवतो. फरशी स्लॅबला चिकटलेली, स्लॅब पाच-सहा इंचांचा, आणि खालच्या घराचं छत म्हणजे तोच स्लॅब. इमारतीत सगळे मजले एकाच नकाशाचे असल्यामुळे हॉलखाली हॉलच येतो. वरच्यांनी टीव्हीच्या बाजूला ठेवलेला डबा आजोबांच्या दिवाणाच्या बरोबर वर होता.

वरच्यांना याचा पत्ता लागत नाही, कारण त्यांच्या खोलीत सगळे सूर भरलेले असतात आणि त्या सगळ्यांत बेस ही त्यांना एक बाजू वाटते. खाली मात्र बाकीचं सगळं गळून फक्त बेस उतरतो. ‘आम्ही आवाज फार मोठा ठेवलाच नव्हता’ असं भाडेकरू म्हणतो तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो. त्यानं स्वतःच्या कानानं मोजलेलं असतं, एवढंच.

दुसरा आवाज खुर्च्यांचा. हवेतून जाणारा आवाज भिंतीत थोडा तरी जिरतो. फरशीवर बसणारा ठोका किंवा घासण्याचा आवाज सरळ काँक्रीटमध्ये शिरतो. आपल्याकडे घरात जाड गालिचे नसतात, टाइल उघडी असते, आणि प्लॅस्टिकच्या किंवा लोखंडी पायांच्या खुर्च्या तिच्यावर घासल्या की खाली करवतीसारखा आवाज जातो. वर सात-आठ माणसं एकदम उठतात तेव्हा हा आवाज हमखास होतो. आणि ती उठतात मध्यरात्री, म्हणजे रस्त्यावरची वर्दळ थांबलेली असते, सोसायटीचा पंप बंद असतो आणि त्या आवाजाला झाकणारं दुसरं काहीच उरलेलं नसतं.

तिसरा आवाज निरोपाचा. तो घराबाहेरच होतो, त्यामुळे आपला वाटत नाही. चप्पल घालताना दारात सुरू झालेली गप्पा जिन्यात उतरते, पार्किंगमध्ये आणखी दहा मिनिटं रेंगाळते. जिना हा चारी बाजूंनी सिमेंटचा पोकळ खांब. त्यात बोललेलं प्रत्येक मजल्याच्या दाराशी पोचतं. कित्येक सोसायट्यांत खरी झोपमोड याच दहा मिनिटांत होते आणि तक्रारीत मात्र ‘म्युझिक’ असा शब्द येतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू, कारण बोलताना कोणी ना कोणी तो काढतोच. ध्वनिप्रदूषणाचे केंद्र सरकारचे नियम २००० सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, असंही त्यांत आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिप्रदूषणावर जो निकाल दिला, त्यात शांततेत राहण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आपलं म्हणणं दुसऱ्याला बळजबरीनं ऐकायला लावण्याचा हक्क कोणालाच नाही, हेही त्यात स्पष्ट केलं. ‘गणपतीत तर बारापर्यंत चालतं’ हे उत्तर भाडेकरूकडून हमखास येतं. ती सवलत राज्य सरकार सणांच्या ठरावीक दिवसांपुरती देतं, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. शनिवारच्या घरगुती बैठकीला ती लागू नाही.

पण मालकानं या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये, असं मी म्हणेन. नियमांतली मोजणी माणसाच्या कानाच्या जाणिवेप्रमाणे केलेली असते आणि तिच्यात खालच्या पट्टीतल्या आवाजाला फार कमी वजन मिळतं. पन्नास हर्ट्‌झच्या आवाजातून तर सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे नेमका जो दणदणाट आजोबांना झोपू देत नाही, तो मीटरवर किरकोळ दिसू शकतो. मोबाइलमधल्या ॲपचं तर विचारूच नका. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो, बेससाठी नाही. भाडेकरूनं ॲपमध्ये ४२ दाखवलं आणि शेजाऱ्यानं ५८, तर दोघं आयुष्यभर भांडत बसतील. फ्लॅटची ‘हद्द’ म्हणजे भिंत, स्लॅब की कंपाउंड, यावरही वाद घालता येतो. दहा वाजता रात्र सुरू होते, एवढी एक गोष्ट मात्र वादातीत आहे आणि बोलण्यात तीच उपयोगी पडते.

काकूंनी भाडेकरूला सकाळी आठला फोन केला नाही. रात्री दोनला झोपलेल्या माणसाला आठला उठवून ‘शेजाऱ्यांची झोप मोडली’ हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी साडेअकराला एक निरोप पाठवला, तोही फक्त ज्याच्याशी करार आहे त्याला. तिघांच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला नाही. चारचौघांत बोल लावला की माणूस आधी आपली बाजू सावरतो. निरोप असा होता:

‘नमस्कार. काल तुमच्याकडे मित्र आले होते ना? खालच्या घरी आजोबा आहेत, त्यांना रात्री थोडा त्रास झाला. मी त्यांच्याशी बोलले आहे. काळजीचं काही नाही, पण दोन-तीन गोष्टी तुझ्याशी बोलून ठरवायच्या आहेत. दुपारी एकच्या सुमारास फोन केला तर चालेल का?’

या निरोपात काय नाही ते बघण्यासारखं आहे. ‘सोसायटीनं तक्रार केली आहे’ हे नाही. ‘पुन्हा असं झालं तर’ हे नाही. करारातल्या कलमाचा उल्लेख नाही. ‘लोक काय म्हणतील’ नाही. त्रास कोणाला झाला ते आहे, मालकीणबाईंनी स्वतः चौकशी केली ते आहे, आणि फोनसाठी वेळ विचारली आहे. लिहून पाठवलेल्या शब्दांना सूर नसतो आणि वाचणारा त्यांना बहुतेक वेळा कडक सूर लावतो, म्हणून मुख्य बोलणं तोंडीच झालेलं बरं. मालक गावातच असेल तर समक्ष बसून बोलणं सगळ्यात चांगलं. पण आधी कळवून जावं. घर आपलं असलं तरी करार चालू असेपर्यंत तिथला ताबा त्यांचा आहे. न सांगता रात्री दारात जाऊन उभं राहणं म्हणजे पाळत ठेवणं झालं.

दुपारच्या फोनवर काकूंनी आधी विचारलं, ‘तुमचं रोजचं वेळापत्रक कसं असतं रे?’ तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की मुलांची संध्याकाळ साडेअकराला सुरू होते. जेवण बाराला, मग जरा गप्पा, झोप दोनच्या पुढे. शनिवारी सुट्टी असली तरी शरीराला तीच सवय. म्हणजे ‘दहानंतर सगळं शांत हवं’ असं त्यांना सांगणं म्हणजे ‘तुम्ही इथे जगूच नका’ असं सांगण्यासारखं होतं. ते त्यांना पाळता आलं नसतं. आणि पाळता न येणारी अट घातली की दोन आठवड्यांनी ती मोडते, ती मोडली की पुढच्या अटींचंही वजन जातं.

म्हणून काकूंनी ‘आवाज कमी ठेवा’ असं म्हटलंच नाही. तसं म्हटलं की समोरचा ‘हो काकू’ म्हणतो आणि पुढच्या शनिवारी त्याला कमी वाटेल तेवढा आवाज ठेवतो. त्यांनी तीनही आवाज वेगवेगळे सांगितले आणि प्रत्येकासाठी एकेक गोष्ट मागितली.

‘तुमचा तो खाली ठेवायचा डबा आहे ना, तो बरोबर आजोबांच्या डोक्यावर येतो. रात्री दहानंतर तो बंदच ठेवायचा. छोट्या स्पीकरवर गाणी लावा, बाल्कनीचं सरकतं दार लावून घ्या, आणि बारानंतर तेही नको.’

मुलगा म्हणाला, ‘काकू, बेस नसला तर मजा नाही राहत.’

‘दिवसा लावा की. रविवारी दुपारी लावा. खाली दिवसा कोणी झोपत नाही, मी विचारलंय.’

हे ‘मी विचारलंय’ फार मोलाचं होतं. मालकीणबाई नुसती बंधनं घालत नाहीत, मोकळीक कुठे आहे तेही शोधून आल्या आहेत, हे त्यातून त्याला कळलं. मग खुर्च्यांचं बोलणं निघालं. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायांना लावायची रबरी बुचं मिळतात, ती आणून लावायची आणि पैसे भाड्यातून वळते करून घ्यायचे, असं काकूंनीच सुचवलं. सबवूफरही फरशीवरून उचलून जाड रबरी मॅटवर, शक्यतो बेडरूमच्या बाजूला ठेवायचं ठरलं. मॅटनं फरशीत शिरणारी थरथर कमी होते, मात्र हवेतून जाणारा बेस तीही अडवत नाही. त्यामुळे रात्री डबा बंदच, हे काकूंनी पुन्हा सांगितलं. तिसरी गोष्ट निरोपाची. मित्रांना घरातच निरोप द्यायचा, दार उघडलं की बोलणं बंद, आणि पार्किंगमध्ये थांबायचं नाही. आणखी गप्पा मारायच्या असतील तर सोसायटीच्या फाटकाबाहेर पुढच्या कोपऱ्यावर जायचं.

इथे एक उपयोगी माहिती सांगायला हवी. पार्टीत गाण्यापेक्षा माणसांचाच आवाज जास्त होतो, असं अनेकांच्या अनुभवाला येतं. त्याचं कारण बरंचसं गाण्यातच असतं. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली दाखवून दिलं आणि तो परिणाम त्याच्याच नावानं ओळखला जातो. एकानं गाणं वाढवलं की बोलणारे चढे बोलतात, ते चढे बोलले की गाणं ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी ते आणखी वाढवतं. दहा जणांना ‘हळू बोला’ असं दर पाच मिनिटांनी सांगावं लागतं. गाणं एकदाच खाली आणलं तर बोलणं आपोआप खाली येतं. आणि दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. हे काकूंनी मुलाला सांगितलं, तेव्हा त्याला ते पटलं, कारण त्यात बोल नव्हता, युक्ती होती.

शेवटी काकूंनी एक विनंती केली. ‘एकदा खाली जाऊन आजोबांना भेटून ये. माफी वगैरे मागायला नको, नुसती ओळख करून घे. तुझा नंबर त्यांच्या मुलाला दे. पुन्हा काही झालं तर ते तुला थेट मेसेज करतील.’ मुलगा त्याच संध्याकाळी गेला. अमरावतीचा म्हटल्यावर आजोबांनी त्याला तासभर बसवून घेतलं, कारण त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं विदर्भात गेली होती. इतकं जमून येईलच असं नाही. पण शेजाऱ्याकडे भाडेकरूचा नंबर असला की रात्री पावणेदोनला वॉचमनला उठवण्याऐवजी ‘जरा आवाज कमी कराल का?’ एवढा निरोप जातो, आणि त्रास चालू असतानाच थांबतो. दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीनं झालेली झोपमोड भरून येत नाही.

फोन संपल्यावर ठरलेल्या तीन गोष्टी काकूंनी चार ओळींत लिहून मुलाला पाठवल्या आणि सेक्रेटरींना कळवलं की बोलणं झालं आहे. हे लिहिणं विसरू नये. महिन्याभरानं पुन्हा विषय निघाला तर काय ठरलं होतं यावर वाद होत नाही, आणि सोसायटीलाही मालकानं दखल घेतल्याचं दिसतं.

महिन्याभरानं सेक्रेटरींचा पुन्हा फोन आला. क्रिकेटचा सामना होता, रात्री साडेअकराला आरडाओरडा झाला, ‘तुमचीच मुलं असणार.’ काकूंनी पुन्हा आधी खाली विचारलं. खालचे गृहस्थ म्हणाले, ‘नाही, यांच्याकडे लाइटच नव्हता. आवाज चौथ्या मजल्यावरून आला.’ चौथ्या मजल्यावर मालक स्वतः राहतात, कुटुंबासह. काकूंनी सेक्रेटरींना तसं सांगितलं, नम्रपणे पण स्पष्ट.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बिनलग्नाच्या तरुण मुलांवर आणि त्याहून जास्त मुलींवर संशय घेण्याची सवय आपल्या सोसायट्यांना आहे. मित्र येतात, मैत्रिणी येतात, उशिरा येतात, याचीच पुष्कळांना अडचण असते आणि ती अडचण आवाजाच्या तक्रारीचं रूप घेऊन येते. मालकानं यातला फरक ओळखला पाहिजे. घरी कोण आलं हे विचारण्याचा हक्क शेजाऱ्याला नाही. रात्री झोप मिळण्याचा हक्क मात्र आहे. ‘कुठला आवाज, कुठे, किती वाजता?’ या प्रश्नाला उत्तर मिळालं तर तक्रार आवाजाची. ‘कसली कसली माणसं येतात’ असं उत्तर आलं तर ती आवाजाची तक्रार नाही, आणि ती भाडेकरूपर्यंत नेण्याचं मालकाला काही कारण नाही. जो मालक खोट्या तक्रारीत भाडेकरूच्या बाजूनं उभा राहतो, त्याचं खऱ्या तक्रारीत ऐकलं जातं.

आणि सांगूनही फरक पडला नाही तर? तसंही होतं. दोनदा तोंडी बोलणं झालं, ठरलेलं लिहून दिलं, आणि तरी दर शनिवारी तोच दणदणाट असेल, तर सौम्यपणा सोडायचा नाही, पण पुढची पायरी घ्यायची. तारीख आणि वेळेसह लेखी पत्र द्यायचं. महाराष्ट्रात आज बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात, साधारण अकरा महिन्यांसाठी, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. मुदत संपण्याआधी तो कसा संपवता येईल हे त्यातल्या नोटिशीच्या कलमावर ठरतं, म्हणून ते कलम आधी वाचायचं. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूच्या बाबतीत, शेजाऱ्यांना उपद्रव देणारं वर्तन हे जागा परत मागण्याचं एक कारण म्हणून त्याच कायद्याच्या १६व्या कलमात आहे. पण ते न्यायालयात सिद्ध करावं लागतं आणि एक-दोन शनिवारांवर ते होत नाही. चालू रात्री त्रास असह्य झाला तर शेजारी ११२ वर पोलिसांना बोलावू शकतात. पाणी बंद करणं, मीटर काढणं, कुलूप बदलणं हे मालकाचे मार्ग नव्हेत. त्यांनी खऱ्या तक्रारीचा मालकच आरोपी होतो.

पुष्कळ मालक हे सगळं तक्रार आल्यावर सुरू करतात, तर भाडेकरूला घर दिलं जातं त्या दिवशी एजंट अंगठा आणि फोटो घेऊन करार नोंदवतो, पंखे-गीझर मोजून दाखवतो आणि किल्ली देऊन निघून जातो. त्याच दिवशी अर्धा तास जास्त काढा. भाडेकरूला घेऊन खालच्या आणि शेजारच्या घरी जा, ओळख करून द्या, नंबर दोन्हीकडे द्या. हॉलच्या खाली कोण झोपतं, घरात लहान मूल आहे का, कोणाची परीक्षा आहे का, हे त्याला तिथेच कळू द्या. त्याची शिफ्ट कुठली आहे हे शेजाऱ्यांना कळू द्या. करारात ‘उपद्रव करणार नाही’ असं एक मोघम कलम असतंच. त्याच्या खाली ‘रात्री दहानंतर सबवूफर बंद, पाहुण्यांचा निरोप घरातच’ एवढी एक ओळ घाला आणि सही घेण्याआधी ती मोठ्यानं वाचून दाखवा.